ठेवीदारांचा कायदा कुणाच्या यादीतला?

आत्याच्या फाइलमध्ये सगळ्यात वर ठेवपावती होती आणि तिच्या खाली न वटून परत आलेला चेक. सदाशिव पेठेतल्या शाळेतून ती निवृत्त झाली तेव्हा फंडाचे जे पैसे मिळाले, त्यातले सहा लाख तिने एका भागीदारी पेढीत ठेवले. बँकेपेक्षा व्याज जास्त होतं आणि पैसे न्यायला येणारा एजंट ओळखीतला होता. दोन वर्षं व्याज वेळेवर आलं. तिसऱ्या वर्षी पेढीला कुलूप लागलं.

तक्रार झाली, गुन्हा नोंदला गेला, मालमत्तेवर जप्ती आली. मग विशेष न्यायालयात समोरच्या वकिलांनी मुंबई उच्च न्यायालयाचा २००५ चा निकाल पुढे केला आणि म्हणाले की ज्या कायद्याखाली ही जप्ती झाली, तो करण्याचा अधिकारच महाराष्ट्र विधिमंडळाला नव्हता. बाहेर आल्यावर आत्या मला म्हणाली, "अरे, माझे पैसे त्यांनी घेतले का, एवढंच विचारायचं ना? हे अधिकाराचं कुठून निघालं?"

मी शिवाजीनगरच्या न्यायालयात वकिली करतो. तरी तिला पाच मिनिटांत समजेल असं उत्तर मला त्या दिवशी देता आलं नाही. हा लेख म्हणजे तेच उत्तर आहे. त्याच्या जोडीला माझी एक तक्रारही आहे. या कायद्याबाबत सर्वोच्च न्यायालयाचा निष्कर्ष बरोबर आहे, पण ज्या पायावर तो उभा केला, तो पाया मला अपुरा वाटतो. त्याची किंमत ठेवीदारांनाच मोजावी लागू शकते.

कायद्याचं लांबलचक नाव बाजूला ठेवू. न्यायालयात सगळे त्याला एमपीआयडी म्हणतात: वित्तीय संस्थांमधल्या ठेवीदारांच्या हितरक्षणाचा महाराष्ट्राचा १९९९ चा कायदा. तो काय करतो, हे आधी नीट पाहिलं पाहिजे, कारण पुढचा सगळा वाद तिथूनच सुटतो. ठेव घ्यायला परवाना लागेल, असं तो सांगत नाही. व्याजाचा दर किती असावा, रोख किती बाळगावी, हिशेब कसे ठेवावेत, यावर त्यात काही नाही. ठेव घेणाऱ्याने फसवणुकीच्या इराद्याने पैसे बुडवले की मग तो कायदा जागा होतो. कलम ३ मध्ये सहा वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा आहे. कलम ४ खाली राज्य सरकार आदेश काढून संस्थेची मालमत्ता जप्त करू शकतं आणि ती पुरत नसेल तर भागीदार, संचालक, व्यवस्थापक यांचीही. सक्षम प्राधिकारी म्हणून एक अधिकारी नेमला जातो. तो तीस दिवसांत विशेष न्यायालयाकडे जातो, न्यायालय हरकती ऐकून जप्ती कायम करायची की नाही हे ठरवतं, आणि मालमत्ता विकून आलेले पैसे ठेवीदारांमध्ये न्याय्य प्रमाणात वाटले जातात. प्रत्येक ठेवीदाराने स्वतंत्र दावा लावून, कोर्ट फी भरून, हुकूमनामा घेऊन पुन्हा वसुलीसाठी दरखास्त करायची, हा फेरा त्यातून वाचतो.

आता अधिकाराचा प्रश्न. संविधानाच्या सातव्या अनुसूचीत तीन याद्या आहेत: संसदेची, राज्याची आणि दोघांची सामाईक म्हणजे समवर्ती. बँकिंग ही संघसूचीतली नोंद ४५. व्यापारी, बँकिंग, विमा आणि वित्तीय निगमांचं नियमन ही नोंद ४३. दोन्ही संसदेच्या हातात. सावकारी आणि सावकार मात्र राज्यसूचीत, नोंद ३०. नोंदणी न झालेल्या व्यापारी संस्था आणि मंडळ्या राज्यसूचीच्या नोंद ३२ मध्ये. सार्वजनिक सुव्यवस्था ही राज्यसूचीतली पहिलीच नोंद. आत्याची सहा लाखांची ठेव यातल्या कोणत्या कप्प्यात बसते? पैसे घेतले म्हणून बँकिंग, पेढी नोंदणीकृत कंपनी नव्हती म्हणून नोंद ३२, व्याजाने दिले म्हणून सावकारी. तिन्ही बाजूंनी धागे येतात. व्यवहार यादी बघून होत नाहीत, त्यामुळे असं होणारच.

अशा वेळी न्यायालय कायद्याचा गाभा शोधतं. वकिली भाषेत याला पिथ अँड सबस्टन्स म्हणतात. कायदा वाटेत कशाकशाला स्पर्श करतो हे मोजत न बसता तो मुळात कशाबद्दल आहे हे विचारायचं. गाभा आपल्या यादीतला असेल तर दुसऱ्याच्या यादीला झालेला आनुषंगिक स्पर्श चालतो.

या कसोटीचं आपल्याला सगळ्यात जवळचं उदाहरण पैशाच्याच व्यवहाराचं आहे. बंगालमध्ये १९४० साली सावकारी कायदा झाला. कर्जदाराकडून किती वसूल करता येईल यावर त्याने मर्यादा घातली. मूळ रकमेच्या दुपटीपेक्षा जास्त नाही, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या दामदुपटीच्या नियमासारखीच. खुलन्याच्या बँक ऑफ कॉमर्सने म्हटलं की आमचं येणं वचनचिठ्ठीवर आहे, वचनचिठ्ठ्या आणि बँकिंग हे तर केंद्राचे विषय, प्रांताचा कायदा आम्हाला लागूच कसा? १९४७ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या आपल्या शेवटच्या अपील न्यायालयाने, तो कायदा वैध ठरवला. कर्ज बहुतेक वेळा वचनचिठ्ठीवरच दिलं जातं. वचनचिठ्ठीला हात लावायचा नाही असं म्हटलं तर सावकारीवर कायदा करण्याचा प्रांताचा अधिकार कागदावरच उरला असता. या निकालातली आणखी एक गोष्ट वकील बरेचदा विसरतात. दुसऱ्याच्या यादीत किती आत शिरलात, हे पाहायचं की नाही? पाहायचं, पण एका मर्यादित कारणासाठी. खोल शिरलं म्हणून कायदा आपोआप बाद होत नाही. मात्र शिरकाव इतका खोल असेल की तोच मुख्य विषय दिसू लागेल, तर आपण गाभा ओळखण्यात चुकलो होतो, असं समजायचं.

मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २००५ मध्ये विजय पुलजल प्रकरणात एमपीआयडी कायदा राज्याच्या अधिकाराबाहेरचा ठरवला, तो वेगळ्या वाटेने जाऊन. ठेवी स्वीकारण्यावर रिझर्व्ह बँक कायद्याचं नियंत्रण आहे, कंपन्यांच्या ठेवींवर कंपनी कायद्याचं आहे, म्हणजे हा विषय संसदेचा आणि संसदेने तो व्यापलेला, असा तो युक्तिवाद. वरवर तो पटतो. पण त्यात दोन प्रश्नांची सरमिसळ आहे. केंद्राचा कायदा या विषयाजवळ आहे का, हा एक प्रश्न. राज्याच्या कायद्याचा गाभा कोणता, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर 'हो' आलं म्हणून दुसऱ्याचं आपोआप मिळत नाही. संसदेने एखाद्या जागेत घर बांधलं म्हणून ती जमीन संसदेची ठरत नाही, आधी सात-बारा बघावा लागतो, आणि इथे सात-बारा म्हणजे सातवी अनुसूची.

तो केंद्रीय कायदा आत्याच्या बाबतीत नेमकं काय करत होता, हेही पाहा. रिझर्व्ह बँक कायद्यात कलम ४५-एस आहे. एकटा माणूस किंवा भागीदारी पेढी वित्तीय व्यवसाय करत असेल, तर तिने नातेवाइकांव्यतिरिक्त इतरांकडून ठेवी घेऊ नयेत, असं ते सांगतं. घेतल्या तर शिक्षा आहे. पण बुडवलेल्या ठेवींसाठी पेढीची मालमत्ता हुडकून, विकून ठेवीदारांना वाटण्याची यंत्रणा त्यात नाही. कंपनी बुडवत असेल तर कंपनी लॉ बोर्डाकडे परतफेडीचा आदेश मागता येत असे, भागीदारी पेढीच्या ठेवीदाराला तीही सोय नव्हती. म्हणजे केंद्राचा कायदा दारावर 'आत येऊ नये' अशी पाटी लावतो आणि एमपीआयडी चोरी झाल्यावर माल परत मिळवतो. दोन्ही ठेवींबद्दल आहेत, पण दोन्हींचं काम एक नाही, आणि गाभा कामावरून ओळखायचा असतो.

२०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच म्हटलं, फक्त खटला तमिळनाडूचा होता. के. के. भास्करन प्रकरणात तिथला १९९७ चा ठेवीदार संरक्षण कायदा वैध ठरवताना न्यायालयाने मुंबईच्या पूर्णपीठाशी असहमती नोंदवली आणि दोन्ही राज्यांच्या कायद्यांमधले फरक किरकोळ आहेत असंही सांगितलं. पुढच्या वर्षी, २०१२ मध्ये, सोनल हेमंत जोशी प्रकरणात महाराष्ट्राचा कायदाही थेट वैध ठरला. पूर्णपीठाच्या निकालापासून शेवटच्या उत्तरापर्यंत सात वर्षं गेली. निवृत्त शिक्षिकेच्या आयुष्यात सात वर्षं म्हणजे किती, हे मी जवळून पाहिलं आहे.

मग माझी तक्रार कसली? भास्करन निकालाने कायद्याचा गाभा राज्यसूचीच्या तीन नोंदींत एकदम ठेवला: १, ३० आणि ३२, म्हणजे सार्वजनिक सुव्यवस्था, सावकारी आणि बिगरनोंदणीकृत संस्था. भार नेमका कोणती पेलते, हे सांगितलं नाही. तीन खांब दाखवले की इमारत भक्कम वाटते. पण एकेका खांबाला हात लावून पाहू.

नोंद ३२ घ्या. आत्याच्या भागीदारी पेढीला ती चपखल बसते. पण एमपीआयडीतल्या वित्तीय संस्थेच्या व्याख्येत ठेव घेणारी कोणतीही व्यक्ती येते, बँकिंग कंपन्या आणि सरकारच्या मालकीची किंवा ताब्यातली निगमं व सहकारी संस्था तेवढ्या वगळून. म्हणजे खासगी कंपन्याही आल्या. मोठमोठ्या प्रकरणांत आरोपी कंपन्याच असतात. त्या संघसूचीच्या नोंद ४३ खाली येतात. राज्याच्या नोंद ३२ ची भाषाच 'पहिल्या यादीत नसलेल्या' निगमांची आहे. तिथे हा खांब अर्ध्यावर संपतो.

सार्वजनिक सुव्यवस्था. हजारो कुटुंबं एकाच वेळी लुबाडली गेली की लोक रस्त्यावर येतात, पेढीवर मोर्चे जातात, हे खरं आहे आणि मी ते पाहिलं आहे. पण याच न्यायालयाने १९६५ मध्ये राम मनोहर लोहियांच्या खटल्यात एक भेद घालून दिला. प्रत्येक गुन्ह्याने कायदा मोडतो, म्हणून प्रत्येक वेळी सार्वजनिक सुव्यवस्था बिघडत नाही. एकात एक काढलेली तीन वर्तुळं कल्पावीत, सगळ्यात मोठं कायदा व सुव्यवस्थेचं, त्याच्या आत सार्वजनिक सुव्यवस्थेचं, सगळ्यात आत राज्याच्या सुरक्षेचं. तिथे प्रश्न एका माणसाच्या स्थानबद्धतेचा होता, विधिमंडळाच्या अधिकाराचा नव्हता, आणि अधिकाराच्या प्रश्नात नोंदी सैल वाचायच्या असतात, हे मला मान्य आहे. तरीही ठेवींची फसवणूक ही मुळात सुव्यवस्थेची बाब आहे असं म्हणण्यात ओढाताण आहे. त्यात धोकाही आहे. फसवणुकीने संताप होतो म्हणून ती सुव्यवस्थेची बाब झाली, तर उद्या संताप निर्माण करणारा कोणताही विषय राज्याच्या पहिल्या नोंदीत ओढता येईल. मी ठेवीदारांच्या बाजूने उभा राहतो, पण मला हा युक्तिवाद वापरताना संकोच वाटतो, कारण उद्या हाच युक्तिवाद वापरून केलेल्या एखाद्या कायद्याविरुद्ध मलाच उभं राहावं लागेल.

उरली नोंद ३०, सावकारी. माझं म्हणणं असं की खरा भार हिने पेलायला हवा आणि ती तो पेलू शकते. सावकारी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गावातला सावकार येतो आणि त्याच्यापुढे हात जोडून बसलेला शेतकरी. पण नोंदीतला विषय पैसे उसने देण्याघेण्याचा आहे आणि त्या व्यवहाराला दोन टोकं आहेत. बंगालच्या कायद्याने घेणाऱ्याला वाचवलं, कारण तिथे दुबळा घेणारा होता. एमपीआयडी देणाऱ्याला वाचवतो, कारण इथे दुबळी देणारी आहे. आत्याने पेढीला सहा लाख व्याजाने दिले. तिला आपण सावकार म्हणणार नाही, पण ठरावीक मुदतीने परत करण्याच्या बोलीवर पैसे दिले, हा व्यवहाराचा सांगाडा तोच आहे. प्रांताला घेणाऱ्याच्या रक्षणासाठी वचनचिठ्ठीपर्यंत हात पोहोचवता येत असेल, तर राज्याला देणाऱ्याच्या रक्षणासाठी पेढीच्या जमिनीपर्यंत का पोहोचवता येऊ नये?

यावरचा आक्षेप मला ठाऊक आहे आणि तो हलका नाही. ठेव आणि कर्ज एक नव्हेत. मुदतीच्या कायद्यातही उसने दिलेल्या पैशाला एक अनुच्छेद आहे आणि मागताक्षणी परत करायच्या बोलीवर ठेवलेल्या पैशाला दुसरा. शिवाय एमपीआयडीची ठेवीची व्याख्या पैशांवर थांबत नाही. मौल्यवान वस्तू दिली आणि ती रोखीने, वस्तूने किंवा सेवेच्या रूपात परत करायची ठरली, तर तीही ठेव. सुट्टीच्या घराची योजना किंवा सोन्याची योजना सावकारीत बसवणं अवघड आहे. पण इथेच गाभ्याची कसोटी उपयोगी पडते. व्याख्येची टोकं कुठवर जातात यावरून गाभा ठरत नाही. कायद्यातला रोजचा, ठळक प्रसंग कोणता? सामान्य माणसाने परत मिळण्याच्या वचनावर पैसे दिले आणि ते बुडवले गेले, हाच. वस्तू आणि सेवा व्याख्येत आल्या, त्या पैशांच्या जागी वस्तू घेऊन कायद्याला चकवू नये म्हणून. त्या टोकांना आनुषंगिक म्हणता येतं.

गाभ्याच्या बरोबरीने दुसरा शब्द सतत कानावर येतो: कलरेबल लेजिस्लेशन, मराठीत छद्म कायदा. पुण्यात चहाच्या टपरीवरही लोक म्हणतात की सरकारने हा कायदा वाईट हेतूने केला, म्हणून तो छद्म आहे. ठेव घेणाऱ्यांचे वकील न्यायालयातही जवळपास तेच म्हणतात: ठेवीदारांचं नाव पुढे करून राज्याला बँकिंगवर ताबा मिळवायचा आहे. हा शब्द इतका चुकीचा वापरला जातो की इथे थोडं थांबायला हवं.

छद्म कायद्याचा हेतूशी संबंध नाही. १९५३ मध्ये गजपती नारायण देव प्रकरणात न्यायमूर्ती बी. के. मुखर्जी यांनी हे स्वच्छ मांडलं. प्रश्न सद्भावाचा किंवा दुर्भावाचा नसतो, अधिकाराचा असतो. विधिमंडळाला अधिकार असेल तर हेतू विचारायचा नाही, आणि अधिकार नसेल तर हेतू कितीही उदात्त असला तरी कायदा वाचत नाही. वेश एका विषयाचा आणि देह दुसऱ्या, अधिकाराबाहेरच्या विषयाचा असेल, तरच तो छद्म.

हे कळण्यासाठी दोन जमीनदारी खटले शेजारी ठेवावेत. ओरिसात जमीनदारी संपवायची होती आणि भरपाई जमीनदाराच्या निव्वळ उत्पन्नावर ठरणार होती. सरकारने शेतीच्या उत्पन्नावरचा कर वाढवला. कर वाढला की निव्वळ उत्पन्न घटतं आणि भरपाईही घटते. जमीनदार म्हणाले, हा कर नव्हे, भरपाई कापायची युक्ती आहे. न्यायालयाने कर वैध ठरवला. सरकारच्या मनात ती युक्ती असेलही, पण शेती उत्पन्नावर कर लावण्याचा अधिकार राज्याला होता आणि लावलेला कर खरोखरचा कर होता.

बिहारमध्ये १९५२ साली उलट घडलं. दरभंग्याच्या महाराजा कामेश्वर सिंहांच्या खटल्यात बिहारचा जमीन सुधारणा कायदा बहुतांशी टिकला, पण दोन तरतुदी बहुमताने पडल्या. एका तरतुदीने जमीनदारांची थकलेली खंडाची येणी राज्याकडे गेली आणि भरपाई म्हणून त्यातलीच निम्मी रक्कम त्यांना परत मिळणार होती. दुसरीने रयतेच्या हिताच्या कामांचा खर्च म्हणून एकूण उत्पन्नातून चार ते साडेबारा टक्के कापायचे होते, जमीनदाराने तो खर्च केला असो वा नसो. नोंद होती भरपाई ठरवण्याच्या तत्त्वांची. रोख पैसे घ्यायचे आणि त्यातले निम्मे परत द्यायचे, यात तत्त्व कोणतं? न झालेला खर्च झाला असं धरायचं, यात मोजमाप कसलं? तत्त्व ठरवण्याचा वेश होता, आत जप्ती होती. ओरिसात वेशाखाली खरा कर निघाला, बिहारमध्ये वेशाखाली सांगितलेली गोष्टच निघाली नाही. संशय दोन्ही सरकारांवर सारखाच होता.

हीच तपासणी एमपीआयडीवर करून पाहू. ठेवीदाराचं रक्षण हा वेश उतरवला तर आत काय सापडतं? बुडवणाऱ्याला शिक्षा, त्याची मालमत्ता, तिची विक्री आणि ठेवीदारांत वाटप. आत ठेवीदाराचं रक्षणच सापडतं. आता एक काल्पनिक दुरुस्ती घ्या. उद्या विधिमंडळाने याच कायद्यात कलम घातलं की ठेव घेणाऱ्या प्रत्येक संस्थेने राज्याकडून परवाना घ्यावा, ठेवींच्या ठरावीक टक्के रक्कम राज्य सांगेल तिथे गुंतवावी, कर्ज कुणाला द्यायचं यावर राज्याच्या अधिकाऱ्याची मंजुरी घ्यावी. नाव तेच, प्रस्तावनाही तीच, पण कुणीही पैसे बुडवलेले नसताना, रोजच्या कारभारात, कायदा जागा होतो. ठेवीदाराचं नाव काढून ही कलमं वाचली तर बँकांचं नियमन वाचतोय असं वाटेल. अशी दुरुस्ती छद्म ठरायला हवी आणि तिच्याविरुद्ध मी स्वतः उभा राहीन. म्हणून कोणत्याही वादग्रस्त कायद्यात मी आधी दोन गोष्टी पाहतो: तो कोणत्या क्षणी लागू होतो, आणि लागू झाल्यावर कुणाला काय करायला लावतो. प्रस्तावना नंतर वाचतो. सरकार टिकेल अशी प्रस्तावना लिहायला शिकलेलं असतं.

नोंद ३० की नोंद १, हा वाद वकिलांपुरता वाटेल. पण त्याचा शेवट पैशांत होतो. ठेव बुडवणाऱ्या कंपनीने बहुतेक वेळा बँकेकडूनही कर्ज घेतलेलं असतं आणि तारणही तीच जमीन असते, जी एमपीआयडीखाली जप्त झाली आहे. विकल्यावर आधी कुणाला? बँक म्हणते, तारण विकून कर्ज वसूल करायचा सरफेसी हा संसदेचा कायदा, आमचं तारण आधी. दिवाळखोरी संहितेतला अधिकारी म्हणतो, आमच्याकडे सगळ्या वसुलीला स्थगिती आहे. २०२५ मध्ये नॅशनल स्पॉट एक्स्चेंज या वस्तूबाजाराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठेवीदारांच्या बाजूने कौल दिला. एमपीआयडीचा गाभा राज्यसूचीतला आहे, म्हणून तो केंद्राच्या या कायद्यांपुढे आपोआप मागे सरत नाही.

हे सगळं 'राज्यसूचीतला आहे' या एका वाक्यावर टांगलेलं आहे. उद्या मोठ्या खंडपीठापुढे कुणी म्हणालं की हा कायदा खरं तर करार, फौजदारी कायदा आणि दिवाणी उपाययोजना यांचा, म्हणजे समवर्ती सूचीतला आहे, तर चित्र पालटतं. समवर्ती विषयात राज्याच्या कायद्याचा केंद्राच्या कायद्याशी खटका उडाला तर अनुच्छेद २५४ लागतो. राष्ट्रपतींच्या संमतीने राज्याचा कायदा टिकला, तरी संसदेला नंतर कायदा करून तो मोडता येतो. आणि नंतरचा कायदा झालेला आहे. संसदेने २०१९ मध्ये अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घातली. त्या कायद्याच्या कलम १२ ने ठेवीदारांना इतर सगळ्या देण्यांच्या आधी बसवलं, पण सरफेसी आणि दिवाळखोरी संहिता यांचा अपवाद ठेवून. म्हणजे संसदेच्या स्वतःच्या मांडणीत तारण असलेली बँक आत्याच्या पुढे उभी आहे, महाराष्ट्राच्या कायद्यात ती पुढे नाही.

म्हणून तीन नोंदी एका दमात सांगणं मला पुरेसं वाटत नाही. प्रश्न पुन्हा उठेल, कारण पणाला लागलेल्या रकमा मोठ्या आहेत आणि बँकांकडे चांगले वकील आहेत. त्या दिवशी सुव्यवस्थेचा खांब लोहिया निकाल दाखवून हलवता येईल, नोंद ३२ कंपन्यांपाशी तोकडी पडेल. नोंद ३० वर आधीच नीट बांधकाम झालेलं असेल, उसने देणारा आणि घेणारा अशा दोन्ही टोकांना तिच्यात जागा आहे असं स्पष्ट लिहिलेलं असेल, तर ठेवीदाराच्या वकिलाला उभं राहायला जागा राहील. राज्याच्या महाधिवक्त्यांनी हा मुद्दा दुय्यम म्हणून न मांडता पहिला म्हणून मांडावा, असं मला वाटतं.

आत्याच्या पेढीची एक जमीन विकली गेली आणि तिच्या वाट्याला सहा लाखांतले साधारण निम्मे आले, दोन हप्त्यांत. दुसऱ्या जागेवर बँकेचा बोजा आहे. ती कुणाची, हा अर्ज अजून प्रलंबित आहे.